दोन जागांवरून उन्नत कोन घेऊन उंची काढताना उत्तर एवढं का हलतं?

प्रश्न: मुलीच्या दहावीच्या प्रकल्पासाठी आमच्या धायरीतल्या सोसायटीसमोरच्या पाण्याच्या टाकीची उंची मोजतोय. टाकीला कंपाउंड आहे, पायथ्यापर्यंत जाता येत नाही, म्हणून रस्त्यावरून दोन ठिकाणी कोन घेतले. पहिल्या जागी ३८°, तिथून सरळ १० मीटर मागे ३०°. उत्तर आलं २२ मीटर. दुसऱ्या दिवशी त्याच जागांवर ३८° आणि ३१° मिळाले, तर उत्तर २६ मीटर! आकडेमोड तीनदा तपासली. चूक सूत्रात आहे, कोनमापकात आहे की आमच्यात?

उत्तर:

सूत्र बरोबर आहे, तुमची आकडेमोडही बरोबर आहे. कोनमापकाला फार दोष देता येणार नाही, कारण स्ट्रॉ आणि दोरा लावून घरी केलेल्या साधनावर एक अंश इकडे-तिकडे होणारच. चुकल्या आहेत त्या उभं राहायच्या जागा. दोन्ही जागा एकमेकींच्या फार जवळ आहेत आणि टाकीपासून गरजेपेक्षा लांब आहेत. अशा वेळी एक अंशाची चूक उत्तरात चार मीटर होऊन उतरते.

आधी सूत्र मांडून घेऊ, म्हणजे चूक कुठून शिरते ते दिसेल. डोळ्याच्या पातळीपासून टाकीच्या कडेपर्यंतची उंची h, जवळच्या जागेचा उन्नत कोन α, लांबच्या जागेचा β आणि दोन जागांमधलं अंतर d. जवळच्या जागेपासून कडेखालच्या बिंदूपर्यंतचं आडवं अंतर x आपल्याला माहीत नाही, आणि कंपाउंडमुळे मोजताही येत नाही. पण त्याच्याबद्दल दोन गोष्टी माहीत आहेत:

x = h cot α
x + d = h cot β

दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की x निघून जातो:

h = d ÷ (cot β − cot α)

पुस्तकात बहुतेक वेळा tan वापरून दोन समीकरणं सोडवतात, उत्तर तेच येतं. इथे cot घेतल्याचा फायदा असा की सगळा खेळ एका वजाबाकीत दिसतो. तुमचे आकडे घाला. cot ३०° = १.७३२१, cot ३८° = १.२७९९, फरक ०.४५२२, म्हणून h = १० ÷ ०.४५२२ = २२.१ मीटर. आता ३०° ऐवजी ३१°. cot ३१° = १.६६४३, फरक ०.३८४४, आणि h = २६.० मीटर. cot ची किंमत चार टक्क्यांनीच बदलली, पण आपण भागतो ते फरकाने, आणि तो पंधरा टक्क्यांनी घटला. दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी करून त्या फरकाने भागायचं, हेच या पद्धतीचं दुखणं. cot च्या किंमती एकाच दशांश स्थळापर्यंत घेतल्या (१.७ − १.३) तर त्याच पहिल्या दिवसाच्या कोनांतून २५ मीटर उत्तर येतं, म्हणजे साधन न हलवताही तीन मीटरचा घोळ. चार दशांश स्थळं ठेवा.

आकृतीतही हे दिसतं. दोन जागांवरून निघालेल्या नजरेच्या रेषा टाकीच्या कडेवर एकमेकींना छेदतात, आणि त्यांच्यातला कोन असतो α − β. तुमच्याकडे तो फक्त ८°. जवळपास मिटलेल्या कात्रीसारखी अवस्था आहे ही. एक पातं किंचित हललं की छेदनबिंदू लांबवर सरकतो. पाती चांगली उघडलेली असतील तर तेवढ्याच हालचालीने फारसं बिघडत नाही.

मग जागा कशा निवडायच्या? दोन नियम पाळा.

पहिला, जवळची जागा शक्य तितकी जवळ घ्या. तुमच्याच आकड्यांतून x काढला तर पहिल्या दिवशीचा २८ मीटर येतो, दुसऱ्या दिवशीचा ३३. एवढं लांबचं कंपाउंड अशा टाक्यांना सहसा नसतं, म्हणजे पुढे सरकायला वाव असावा. भिंतीला लागून उभे राहा. तिथून कोन ६०° च्या आसपास मिळाला तर उत्तम. त्याहून फार मोठा कोन स्ट्रॉमधून मान वर करून नीट घेता येत नाही.

दुसरा नियम पुस्तकात सहसा नसतो, पण कामाचा आहे: लांबच्या जागेचा कोन जवळच्या कोनाच्या साधारण निम्मा असावा. कारण असं. लांबच्या कोनात ठरावीक चूक झाली तर h मध्ये शेकडा किती चूक पडते, ते sin α ÷ (sin β × sin(α − β)) या प्रमाणात ठरतं. α ठरलेला असेल, तर छेदातला sin β × sin(α − β) हा गुणाकार सर्वात मोठा होतो β = α ÷ २ असताना. म्हणजे चूक तिथे सर्वात कमी. फार जवळ थांबलात तर α − β लहान होतो आणि कात्री मिटते. फार मागे गेलात तर β च लहान होतो आणि दोन्ही रेषा आडव्या पडू लागतात. दोन्हीकडे नुकसान.

कोन बरोबर निम्मा असेल तर आणखी एक सोय होते. दोन जागा आणि टाकीची कड यांचा त्रिकोण समद्विभुज होतो, कारण लांबच्या जागेचा कोन आणि कडेवरचा कोन दोन्ही α ÷ २. मग d म्हणजेच जवळच्या जागेपासून कडेपर्यंतचं तिरकं अंतर, आणि h = d sin α एवढ्यावर काम भागतं. मुलीला ही पडताळणी म्हणून वहीत दाखवता येईल.

आता एक मापन पूर्ण करून बघू. समजा भिंतीपाशी ५८° मिळाले. निम्मे २९°. मागे सरकत गेल्यावर ३० मीटरवर २८° आले आणि फीत ३० मीटरचीच आहे, तर तिथेच थांबायला हरकत नाही. एका अंशाने काही बिघडत नाही, तो सर्वोत्तम बिंदू बऱ्यापैकी पसरट असतो.

cot २८° = १.८८०७
cot ५८° = ०.६२४९
फरक = १.२५५८
h = ३० ÷ १.२५५८ = २३.९ मीटर

हे डोळ्याच्या पातळीपासून. डोळा जमिनीपासून १.५ मीटरवर असेल आणि टाकीचा पायथा तुमच्या पायांच्या पातळीत असेल, तर एकूण २५.४ मीटर. तुमच्या २२ आणि २६ मध्येही ही डोळ्याची उंची मिळवायची राहिली असावी, प्रश्नात तिचा उल्लेख नाही.

आता याच मापनात चूक करून बघा. २८° ऐवजी २७.५° वाचले तर h येतो २३.१, आणि २८.५° वाचले तर २४.७. म्हणजे अर्ध्या अंशाला पाऊण मीटर. तुमच्या जुन्या जागांवर ३०° च्या भोवती अर्धा अंश हललात तर उत्तर २०.५ पासून २३.९ पर्यंत फिरतं. जवळच्या कोनाचं काय? ५८° ऐवजी ५९° घेतले तर h २३.४ होतो, म्हणजे पूर्ण एक अंशाला अर्धा मीटरही नाही, तर लांबच्या कोनात एक अंश वाढला की दीड मीटर चढतो. म्हणून वेळ कमी असेल तर लांबच्या जागेवर जास्त वाचनं घ्या. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण जवळून मान वाकडी करावी लागते आणि तिथलंच वाचन अवघड वाटतं.

फितीची चिंता करू नका. ३० मीटरमध्ये १० सेंटीमीटर चुकलं तर उंचीत जेमतेम ८ सेंटीमीटरचा फरक. पावलांनी मात्र मोजू नका, तिथे दोन मीटर सहज जातात.

साधनाबद्दल. कंपासपेटीतल्या कोनमापकाची त्रिज्या साधारण ५ सेंटीमीटर असते. तिथे एक अंश म्हणजे कडेवर ०.८७ मिलिमीटर. दोऱ्याची जाडीच त्याच्या निम्मी असते, मग अर्धा अंश वाचणार कसा? शाळेतला फळ्यावर वापरायचा मोठा कोनमापक मिळाला आणि त्याची त्रिज्या २० सेंटीमीटर असली तर एक अंश साडेतीन मिलिमीटरचा होतो आणि पाव अंशाचा अंदाज डोळ्याने घेता येतो. मोठा मिळाला नाही तर जाड पुठ्ठ्यावर तेवढ्या त्रिज्येचा चाप आखून घ्या. दोरा बारीक, आणि खाली जड नट. वाऱ्याने दोरा हलत असेल तर सकाळी लवकर मोजा. दोरा डोलायचा थांबल्यावर बोटाने कोनमापकाशी दाबून धरा आणि मग दुसऱ्याने वाचावं. ज्याने नजर लावली आहे त्याने वाचू नये, मान वळवताना साधन हलतं. दोरा जे दाखवतो ते बहुतेक रचनांत ९०° वजा उन्नत कोन असतं, हेही एकदा ठरवून कागदावर लिहून ठेवा.

स्ट्रॉ कोनमापकाच्या सरळ कडेला अगदी समांतर चिकटली नसेल तर प्रत्येक कोन ठरावीक रकमेने चुकतो. पाच-पाच वाचनं घेऊन सरासरी काढली तरी ही चूक जात नाही, म्हणून ती आधी शोधावी लागते. दोन खांबांवर डोळ्याच्या उंचीला एकेक खूण करा. साधन पहिल्या खुणेवर धरून दुसरी बघा, मग दुसऱ्या खुणेवर धरून पहिली बघा. एकीकडून जितका चढ तितकाच दुसरीकडून उतार दिसला पाहिजे. समजा एकीकडून वर २° आणि दुसरीकडून खाली १° आले, तर खरा चढ दीड अंशाचा आहे आणि तुमचं साधन प्रत्येक वेळी अर्धा अंश जास्त दाखवतं. तेवढा प्रत्येक वाचनातून वजा करा. खांबांवरच्या खुणा एका पातळीत असण्याचीही यात गरज नाही. मोबाइलमधलं कोन दाखवणारं अॅप वापरणार असाल तरी ही परीक्षा घ्याच. त्यात दशांश अंश दिसतो म्हणून माणूस निर्धास्त होतो, पण फोनची कड कडेला नीट लागली नाही किंवा मागच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन कलला, तर तो दशांश काही कामाचा नाही.

आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना ते बघा. tan ३० विचारल्यावर −६.४ आलं तर तो रेडियनमध्ये आहे.

कशावर नजर लावायची तेही ठरवा. टाकी रुंद असते. भिंतीपाशी उभे राहिलात तर वरचा घुमट दिसत नाही, फक्त जवळची कड दिसते, मागे गेल्यावर मात्र घुमटाचं टोक डोकावू शकतं. एका जागी कड आणि दुसऱ्या जागी टोक धरलं तर दोन वेगळ्या वस्तूंचे कोन एका सूत्रात जातात. दोन्हीकडून दिसणारी तीच कड धरा. ती कड टाकीच्या मध्यापासून पाच मीटर पुढे आली असली तरी उत्तर बिघडत नाही, कारण x आपण वापरतच नाही. या पद्धतीचा खरा फायदा हाच आहे.

आता धायरीचा खास प्रश्न: रस्त्याचा उतार. सूत्र धरून चालतं की दोन्ही जागी डोळा एकाच पातळीत आहे. तुमच्या भागात सपाट रस्ता शोधूनही मिळेल असं नाही. मागची जागा पुढच्यापेक्षा k ने खाली असेल तर सूत्र असं होतं:

h = (d − k cot β) ÷ (cot β − cot α)

वरच्या उदाहरणात ५० मीटरला १ मीटर एवढा हलका, डोळ्याला जेमतेम कळणारा उतार धरला तर ३० मीटरमध्ये k = ०.६ मीटर. मग वर ३० − ०.६ × १.८८०७ = २८.८७, आणि h = २३.० मीटर. म्हणजे उतार विसरलात तर उत्तर ०.९ मीटर जास्त येतं. मागची जागा वर असेल तर k उणे घ्या. k मोजायला गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी सर्वात भरवशाची. नळी लहान असेल तर दोन-तीन टप्प्यांत मोजा आणि फरक मिळवत जा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की पातळी खोटी दिसते, तेवढं बघून घ्या. हाच फरक कोनमापकाने काढायला जाऊ नका, ३० मीटरवर अर्धा अंश म्हणजे २६ सेंटीमीटर.

उताराचा दुसरा परिणाम टाकीच्या पायथ्याशी होतो. पायथा तुमच्या पायांच्या पातळीत नसेल तर डोळ्याची उंची मिळवणं चूक. कंपाउंडच्या फाटकातून पायथा दिसत असेल तर जवळच्या जागेवरून त्याचा अवनत कोन घ्या. वरच्या उदाहरणात x = २३.९ × ०.६२४९ = १४.९ मीटर. अवनत कोन ६° आला तर १४.९ × tan ६° = १.५७ मीटर एवढा पायथा डोळ्याच्या खाली. मग १.५ ऐवजी हे १.५७ मिळवा. इथे मात्र x कामाला आला, म्हणून पायथ्याचा बिंदूही नजर लावलेल्या कडेच्या बरोबर खालचा घ्या.

दोन्ही जागा आणि टाकी एका सरळ रेषेत हव्यात. यात थोडं चुकलं तर फार नुकसान नाही: रेषेपासून २०° वळून मागे गेलात तरी टाकीपासूनचं अंतर ४५ च्या जागी ४४.४ मीटर होतं, आणि उंचीत साधारण अर्धा मीटर फरक पडतो. पण मागे जायला जागाच नसेल आणि रस्ता टाकीला आडवा जात असेल, तर हे सूत्र वापरू नका. तेव्हा पहिल्या जागेवर टाकीच्या दिशेशी काटकोन करून बाजूला d अंतर चाला आणि पायथागोरसवरून

h = d ÷ √(cot² β − cot² α)

वापरा. काटकोन दोरीने ३-४-५ चा त्रिकोण करून धरता येतो. यात β निम्म्यावर आणायला बरंच लांब चालावं लागतं, आणि वेगळ्या बाजूने बघत असल्यामुळे कडेचा तोच बिंदू दिसेल याची खात्री राहत नाही. टाकीवरची शिडी किंवा पाइपचं तोंड अशी ठळक खूण धरावी लागते. पर्याय असेल तर सरळ रेषेचीच रीत बरी.

शेवटी पडताळणी. मधल्या एका जागेवरून तिसरा कोन घ्या. वरच्या उदाहरणात जवळच्या जागेपासून १५ मीटर मागे ३८.५° आले, असं धरा. पहिली आणि मधली जागा घेऊन १५ ÷ (१.२५७२ − ०.६२४९) = २३.७ मीटर. मधली आणि शेवटची घेऊन १५ ÷ (१.८८०७ − १.२५७२) = २४.१. दोन्ही पहिल्या २३.९ च्या आसपास आहेत, म्हणजे मापन सुसंगत आहे. एक २१ आणि दुसरं २७ असं काही आलं तर आधी मधला कोन पुन्हा घ्या, आणि तोच आकडा परत मिळाला तर उतार तपासा. रस्ता सुरुवातीला सपाट आणि पुढे उतरता असेल तर नेमकी अशीच विसंगती दिसते. सरासरी काढून ती झाकू नका.

प्रकल्पात उत्तर "२५.४ मीटर" एवढंच न लिहिता "२५.४ मीटर, कोनात अर्ध्या अंशाची चूक धरल्यास साधारण १ मीटर कमी-जास्त" असं लिहायला सांगा. तिथला पाऊण मीटर लांबच्या कोनाचा आहे आणि उरलेला पाव जवळच्या कोनाचा. तिने हे दोन आकडे स्वतः सूत्रात घालून काढून दाखवले, तर वहीत आकृतीखाली एक छोटा तक्ता पुरे: जागा, पाच वाचनं, सरासरी, साधनाची चूक वजा केल्यानंतरचा कोन, cot.